पॅसेजमधलं बेसिन: बॉटल ट्रॅप की पी-ट्रॅप, आणि भिंतीतला पॉइंट किती उंचीवर (प्रकल्प नोंदी)

३ फेब्रुवारी २०२५

दादर पश्चिमेचं घर, तिसरा मजला. स्वयंपाकघर आणि न्हाणीघर यांच्यामधल्या पॅसेजमध्ये हात धुवायचं बेसिन बसवायचं आहे. प्लंबिंगचे पाइप आधीच्या माणसांनी भिंतीत टाकून ठेवले आहेत, टाइल अजून लागलेली नाही. आज सगळे पॉइंट टेपने मोजले. बेसिनच्या ड्रेनचा ४० मिमी पाइप भिंतीतून बाहेर येतो, त्याचं केंद्र तयार फरशीपासून ५६० मिमीवर आहे. ठरलेल्या बेसिनला ही उंची चालणार नाही.

त्या वेळी मात्र ती बरोबरच होती. तेव्हा इथे ग्रॅनाइटचा कट्टा आणि त्यावर टेबल-टॉप बेसिन येणार होतं. कट्टा ७५० वर, बेसिनचा तळ त्याच्या १५ मिमी वर, तिथून १२५ मिमीचं वेस्ट कपलिंग खाली आलं की त्याचं टोक ६४० ला येतं. त्याखाली ८० मिमीवर ट्रॅपची बाहेर जाणारी नळी, म्हणजे ५६०. हिशोब चोख आहे. पण कट्टा आला की पॅसेजमध्ये आजींचा वॉकर अडकतो, म्हणून काकूंनी भिंतीवर लटकणारं छोटं बेसिन घेतलं. त्याची कड ८२० वर ठेवायची, आजींना कोपर न उचलता हात धुता यावेत म्हणून. बेसिन बदललं, पॉइंट तिथेच राहिला.

नव्या बेसिनचं गणित असं: कडेपासून आतल्या जाळीपर्यंत खोली १३० मिमी, म्हणजे जाळी ६९० वर. कपलिंग तेच, १२५ मिमीचं. टोक आलं ५६५ वर. भिंतीतल्या पाइपाचं केंद्र ५६०. मधे राहिले फक्त ५ मिमी, आणि एवढ्यात कुठलाच ट्रॅप बसत नाही.

साइटवरच्या एका मुलाने सुचवलं की फ्लेक्सिबल पाइप खाली लोंबता ठेवून पुन्हा वर चढवू आणि भिंतीत घालू. मुंबईत निम्म्या घरांत हेच दिसतं. पाणी जातं, म्हणून कुणी तक्रार करत नाही. पण त्या लोंबत्या भागात कायम पाणी साचून राहतं, पाइपाच्या वळ्यांमध्ये साबणाचा थर धरतो, आणि पाइप जरा हलला की आतल्या पाण्याची पातळी बदलते. इथे तसं करायचं नाही, असं सांगून टाकलं.

४ फेब्रुवारी

कारण लिहून ठेवते. न्हाणीघरातल्या बेसिनचा पाइप खालच्या न्हाणी ट्रॅपमध्ये जातो. तिथे न्हाणी ट्रॅपचं स्वतःचं पाणी गटाराची हवा अडवतं, वरचा ट्रॅप दुसरा पहारेकरी. पॅसेजच्या बेसिनचं तसं नाही. याचा पाइप सुमारे एक मीटर भिंतीतून जाऊन थेट डक्टमधल्या उभ्या पाइपाला मिळतो. मधे दुसरं काहीच नाही. बेसिनखालच्या ट्रॅपमध्ये जे दोन-अडीच इंच पाणी थांबतं, तेच काय ते घर आणि डक्ट यांच्यामध्ये. तेव्हा इथे ट्रॅपचा सील, म्हणजे वास अडवणाऱ्या पाण्याची खोली, कुठल्याही परिस्थितीत ५० मिमीच्या खाली जाता कामा नये. ब्रिटनच्या नियमावलीत हातधुण्याच्या बेसिनसाठी ७५ मिमी मागतात. आपण ६५च्या आसपास धरून चालू.

प्लंबर काका काकूंनी आणलेला क्रोमचा बॉटल ट्रॅप घेऊन आले. भिंतीला हात लावण्याआधी तो जमिनीवर उघडून मापं घेतली, आणि इथेच बराच वेळ गेला. तो वेळ घालवायलाच हवा होता.

या ट्रॅपची रचना साधी आहे. वरून येणारी सरळ नळी बाटलीच्या आत उतरते, खाली आट्यांची वाटी आहे, आणि बाजूने बाहेर जाणारी नळी. पाणी सरळ नळीतून खाली येतं, वाटीत वळतं, नळीच्या भोवतालच्या जागेतून वर चढतं आणि बाजूने भिंतीकडे जातं. बाजूच्या नळीची खालची कड ही पाण्याची पातळी. त्या पातळीच्या खाली सरळ नळी जेवढी बुडलेली, तेवढा सील.

आता खरी गोष्ट. वरचा नट सैल केला की हीच सरळ नळी वर-खाली सरकते, आणि दुकानदार सांगतो की उंची जुळवायला ही सोय आहे. सोय आहे खरी, पण नळी जितकी बाहेर ओढाल तितका सील कमी होतो. पूर्ण आत ढकलल्यावर कपलिंगच्या टोकापासून बाजूच्या नळीच्या केंद्रापर्यंत ६० मिमी अंतर मिळालं. त्या स्थितीत सील ८५ मिमी, पण नळीचं टोक वाटीच्या तळापासून फक्त १० मिमीवर. एवढ्या फटीत केसांचा एक पुंजका अडकला की बेसिन तुंबलं. नळी १० मिमी बाहेर घेतली की अंतर ७०, सील ७५, खाली फट २०. हे चालेल. ३५ मिमी बाहेर घेतली की अंतर ९५, सील ५०. ही शेवटची हद्द. नळी याहूनही १५ मिमी बाहेर येते आणि नट तरीही घट्ट बसतो. बाहेरून बघणाऱ्याला काही कळत नाही, आत सील ३५ वर आलेला असतो.

म्हणजे या बॉटल ट्रॅपला प्रामाणिकपणे वापरण्याजोगी सरकण फक्त २५ मिमी आहे. कपलिंगचं टोक ५६५ वर, तर भिंतीतला पॉइंट ४९५ ते ४७० यांच्यामध्ये हवा. एका इंचाचा खेळ.

सगळे बॉटल ट्रॅप असे नसतात. काहींमध्ये आतली बुडणारी नळी बाटलीला कायमची जोडलेली असते आणि उंची जुळवणारा तुकडा वेगळा, तिच्या वर. तसा असेल तर उंची बदलली तरी सील बदलत नाही. कुठला आहे ते वाटी उघडून, वरची नळी सरकवून पाहिलं की लगेच दिसतं: आतलं टोक हललं तर सील हलतो.

५ फेब्रुवारी

काकूंना विचारलं, समजा पुढे कधी हा ट्रॅप काढून दुसरा बसवायचा झाला तर? भिंत पुन्हा फोडायची का? त्या म्हणाल्या, "नको गं बाई, एकदाच काय ते करा." म्हणून नळीच्या पी-ट्रॅपचीही मापं घेतली. काकांकडे ३२ मिमीचा होता.

यात कपलिंगला लागणारी उभी नळी, तिच्याखाली इंग्रजी जे अक्षरासारखा बेंड, आणि तिथून भिंतीकडे वळणारी नळी असे तीन तुकडे, मधे दोन नट. पाणी बेंडमध्ये थांबतं. सील बेंडच्या आकारातच ठरलेला, या ट्रॅपला ७० मिमी. उभी नळी बेंडच्या तोंडात थोडी आत सरकते. ती कापून लहान केली किंवा पूर्ण लांब ठेवली तरी सीलला धक्का लागत नाही. दोन ट्रॅपमधला फरक सांगायचा तर मी हाच सांगेन. दिसण्याचा मुद्दा नंतर येतो.

उभी नळी कापून अगदी आखूड केली तर टोकापासून केंद्रापर्यंत ५५ मिमी, न कापता १५० मिमी. म्हणजे आपल्या बेसिनखाली पॉइंट ५१० ते ४१५ कुठेही चालतो. बेंड दोन्ही नटांवर फिरतो, त्यामुळे पॉइंट बेसिनच्या मध्यापासून इंचभर डावी-उजवीकडे असला तरी जमवता येतं. बॉटल ट्रॅपची बाहेरची नळी सरळ, तिथे तिरपं बसलं की तिरपंच दिसतं.

पी-ट्रॅपला जागा मात्र जास्त लागते. बेंडचा तळ पॉइंटच्या केंद्राखाली साधारण १२० मिमी जातो आणि तो पुढे-मागेही पसरतो. वेस्टच्या केंद्रापासून भिंतीचं अंतर आपल्याकडे २१० मिमी आहे, त्यामुळे अडचण नाही. खाली ड्रॉवरचं कपाट असतं तर बॉटल ट्रॅपच घ्यावा लागला असता.

दोन्ही पट्टे एकावर एक ठेवले तर ४९५ ते ४७० दोघांनाही चालतं. मधला आकडा घेतला: ४८५. तिथे बॉटल ट्रॅपचं अंतर ८०, सील ६५, वाटीत फट ३०. टाइलवाल्याने पाच-सात मिमी इकडे-तिकडे केलं तरी दोन्ही ट्रॅप हद्दीत राहतात.

काकांचा एक नियम ऐकून ठेवण्यासारखा आहे: "ताई, पॉइंट खाली राहिला तर तुकडा जोडता येतो. वर राहिला तर भिंतच फोडावी लागते." खरं आहे. पॉइंट ४४० वर असता तर कपलिंग आणि बॉटल ट्रॅपच्या मधे एक्स्टेन्शनचा तुकडा टाकून काम भागलं असतं. मात्र तुकडा टाकायचा, आतली नळी ओढायची नाही.

७ फेब्रुवारी

सोसायटीत दुपारी तोडफोड बंद, म्हणून सकाळीच भिंत उघडली. माप सध्याच्या कोब्यापासून घेतलं नाही. पाण्याच्या नळीने सगळ्या भिंतींवर तयार फरशीपासून बरोबर १ मीटरची रेघ आधीच मारलेली आहे. त्या रेघेपासून ५१५ मिमी खाली खूण केली. कोब्यावर अजून मसाला आणि टाइल मिळून दोन इंच चढायचे आहेत. खालून मोजलं असतं तर तेवढ्याने चुकलं असतं.

पाइप ७५ मिमी खाली आणायचा म्हणजे नुसतं तोंड वाकवून भागत नाही, पूर्ण एक मीटरची लांबी खाली घ्यावी लागते. नाहीतर पाइप डक्टकडे चढता होतो. मीटरला २० मिमी उतार धरला. डक्टकडच्या टोकाला केंद्र ४६५ वर आलं. बाहेर डक्टमध्ये तिथून एक उभा तुकडा खाली उतरून मोठ्या पाइपाच्या टी-ला लागतो. तो तुकडा ७५ मिमीने आखूड केला, टी-ला हात लावावा लागला नाही. उतार जास्त दिला तर बरं, असं पुष्कळांना वाटतं. ते बरोबर नाही. उतार फार झाला की पाणी पाइप भरून धावतं आणि मागून ट्रॅपमधलं पाणी ओढून नेतं. भिंतीतला पाइप ३२ ऐवजी ४० मिमी ठेवण्याचं कारणही हेच, वर हवेला जागा राहते.

टाइल आणि मसाल्याची जाडी धरून पाइपाचं तोंड टाइलच्या पृष्ठाशी सपाट येईल असं कापून झाकण लावलं. तोंड आत राहिलं तर ट्रॅपच्या नळीभोवतीचं रबर पाइपात न बसता मसाल्यात बसतं.

१७ फेब्रुवारी

टाइल झाली. पॉइंट ४८३ वर आला. उत्तम.

बेसिन ब्रॅकेटवर चढवलं. या बेसिनला ओव्हरफ्लोचं भोक आहे, म्हणून अर्ध्या आट्यांचं, वरच्या भागात खाच असलेलं कपलिंग. खाच बेसिनच्या आतल्या पोकळीसमोर आली पाहिजे, नाहीतर ओव्हरफ्लोचं पाणी जायला वाट राहत नाही.

काकूंच्या आवडीप्रमाणे आधी बॉटल ट्रॅप बसवला. नळी सरकवण्याआधी तिच्यावर मार्करने दोन रेघा मारल्या: एक सील ७५ची, एक ५०ची. नट घट्ट केल्यावरही आपण कुठे आहोत ते दिसलं पाहिजे. पॉइंट २ मिमी खाली आल्यामुळे सील ६३ राहिला.

भिंतीशी सांधा ३२ मिमीच्या नळीचा आणि ४० मिमीच्या पाइपाचा. काकांच्या हाताखालचा मुलगा पांढरं सिमेंट कालवायला निघाला होता, त्याला थांबवलं. सिमेंट भरलं की ट्रॅप पुन्हा काढताना एकतर नळी वाकते किंवा पाइपाचं तोंड फुटतं, आणि वाटी घट्ट-सैल करताना बसणाऱ्या हिसक्यांनी त्याला तडे जाऊन वास येऊ लागतो. दोघांच्या मधे रबराची कडी घातली, नळीला थोडं साबणाचं पाणी लावून ४० मिमी आत सरकवली आणि वरून क्रोमची चकती. नटांना टेफ्लॉन टेप गुंडाळलेली नाही. तिथे गळती चपटं वॉशर थांबवतं, आट्या नाहीत. हाताने घट्ट, मग पकडीखाली कापड ठेवून पाव फेरा.

१८ फेब्रुवारी

चाचणी. बेसिन ओव्हरफ्लोपर्यंत भरलं, एकदम सोडलं. प्रत्येक सांध्याखाली वर्तमानपत्राचा कोरडा तुकडा फिरवला. बोटाला न जाणवणारा ओलावा कागदावर डाग पाडतो. कोरडं निघालं.

मग पाणी किती उरलं ते बघितलं. अगरबत्तीची कोरडी काडी जाळीतून सरळ वाटीच्या तळापर्यंत घातली आणि ओला भाग मोजला. भरण्याआधी ९५ मिमी, पूर्ण बेसिन सोडल्यावर ८८. म्हणजे जाणाऱ्या पाण्याने ७ मिमी ओढून नेलं, सील ६३चा ५६ राहिला. पुरेसा आहे.

इथे एक गोष्ट ध्यानात घ्यायची. बॉटल ट्रॅपमध्ये काडी फक्त पाण्याची पातळी सांगते, सील नाही. नळी पूर्ण बाहेर ओढली असती तरी काडी ९५च ओली झाली असती, कारण वाटीचा तळ आणि बाहेरच्या नळीची कड दोन्ही जागचे हलत नाहीत. सील कळायला मार्करच्या रेघाच बघाव्या लागतात.

२२ मार्च

काकूंचा फोन: बेसिनमधून पाणी हळू उतरतंय, वास मात्र नाही. जाऊन पाहिलं. भरलेलं बेसिन रिकामं व्हायला बसवल्या वेळच्या दुप्पट वेळ लागत होता.

खाली बादली ठेवून वाटी हाताने उघडली. काकांनी बॉटल ट्रॅपची बाजू घेताना हेच सांगितलं होतं, आणि त्यात ते खरे आहेत: पाना नको, काही नको, मिनिटात काम. वाटीत खाली फुगलेल्या भाताचा आणि आमटीतल्या मोहरीचा थर, त्यात कढीपत्त्याचं एक आख्खं पान, वर करडा लिबलिबीत साका आणि तेलाचा पांढरट पापुद्रा. आतल्या नळीच्या टोकाला हा सगळा गोळा चिकटून फट अर्ध्यावर आली होती. केस जवळजवळ नव्हते. हे बेसिन दात घासायचं नाही, जेवून उठल्यावर हात धुवायचं आणि चूळ भरायचं आहे. घरात सहा माणसं, आल्या-गेल्याची वर्दळ वेगळी.

बॉटल ट्रॅपमध्ये पाणी रुंद वाटीत शिरताच मंदावतं, आणि जड कण तिथेच बसतात. पी-ट्रॅपच्या बेंडमध्ये नळीची रुंदी सगळीकडे सारखी, त्यामुळे जोराने आलेलं पाणी बहुतेक कण पुढे ढकलत नेतं. भाताचं शीत आणि तेल रोज जाणार असेल तिथे मी पी-ट्रॅपच लावेन. काकूंना वाटी दाखवली, दोन पर्याय सांगितले: दर महिन्याला वाटी उघडून धुवायची, किंवा ट्रॅप बदलायचा. वाटी उघडायला आजींना वाकता येत नाही, काकूंचे गुडघे दुखतात. बदलायचं ठरलं. क्रोम केलेल्या पितळेचा नळीचा पी-ट्रॅपही मिळतो, म्हणजे दिसण्याचीही तक्रार राहत नाही.

२४ मार्च

पी-ट्रॅप बसला. पॉइंट दोघांच्या पट्ट्यात असल्यामुळे भिंतीला, टाइलला काहीही करावं लागलं नाही. रबराची कडी तीच राहिली. उभी नळी ८७ मिमीला कापली: ५७ दिसते, ३० बेंडच्या तोंडात. कापलेली कड कानशीने आतून-बाहेरून साफ केली. आत राहिलेल्या बोच्याला पहिल्या दिवसापासून केस आणि धागे धरतात. तिरप्या वॉशरची निमुळती बाजू नटाकडे नाही, सांध्याच्या आत जाईल अशी ठेवली. उलटं बसलं तर नट कितीही आवळा, थेंब येत राहतो.

काडीची चाचणी पुन्हा केली. भरण्याआधी १०० मिमी ओली, त्यातले ३० बेंडच्या पोकळीचे, म्हणजे सील ७०. पूर्ण बेसिन सोडल्यावर ९०. पी-ट्रॅपने बॉटलपेक्षा थोडं जास्त पाणी घालवलं, तसं होणार हे माहीत होतं, कारण त्याच्या पोटात पाणी कमी असतं. तरी ६० मिमी उरलं. डक्टमधल्या मोठ्या पाइपात वरच्या मजल्यावरून पाणी आलं तेव्हाही थांबून पाहिलं. गुडगुड आवाज नाही, काडीचं माप तेच.

काढलेला बॉटल ट्रॅप धुऊन न्हाणीघरातल्या बेसिनला लावला. तिथे फक्त तोंड धुणं आणि दाढी, खाली न्हाणी ट्रॅप आहेच. कपलिंगच्या टोकापासून पॉइंट तिथे ९० मिमीवर, सील ५५. मार्करच्या रेघा नळीवर तशाच ठेवल्या आहेत.